कंट्रोल स्टोअर किती मोठं? सिग्नल मोजण्यापासून बिट मोजण्यापर्यंत

कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. प्रोसेसरला इतके कंट्रोल सिग्नल लागतात, मायक्रोप्रोग्राममध्ये इतक्या मायक्रोइन्स्ट्रक्शन आहेत, तर हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल पद्धतीत कंट्रोल स्टोअरचा आकार काढा. शेवटचा गुणाकार सोपा असतो, शब्दांची संख्या गुणिले शब्दाची रुंदी. उत्तर चुकतं ते त्याआधी, हे दोन आकडे ठरवताना. म्हणून या लेखात एकच छोटा प्रोसेसर घेऊ आणि त्याचं कंट्रोल स्टोअर शून्यापासून मोजू. सूत्रं पाठ करण्यापेक्षा एक बिट का वाढला आणि का कमी झाला हे एकदा नीट पाहिलं, तर आकडे बदलून आलेला कुठलाही प्रश्न सुटतो.

मूळ कल्पना मॉरिस विल्क्स यांची. 1951 साली मँचेस्टरच्या परिषदेत त्यांनी ती मांडली आणि केंब्रिजच्या एडसॅक-2 यंत्रात ती प्रत्यक्षात आली. प्रोसेसरमध्ये प्रत्येक क्लॉकला काही तारा चालू आणि काही बंद असाव्या लागतात. कुठल्या रजिस्टरनं बसवर मजकूर टाकायचा, कुणी तो उचलायचा, एएलयूनं काय करायचं, मेमरी वाचायची की लिहायची, हे त्या तारांवरून ठरतं. हा चालू-बंदचा नकाशा गेटांच्या जाळ्यातून तयार करण्याऐवजी एका मेमरीत ओळीओळीनं लिहून ठेवायचा. ती मेमरी म्हणजे कंट्रोल स्टोअर आणि तिची एक ओळ म्हणजे एक मायक्रोइन्स्ट्रक्शन.

आपला प्रोसेसर

आपल्या प्रोसेसरमध्ये एकच अंतर्गत बस आहे. बसवर मजकूर टाकू शकतील अशा आठ जागा आहेत: प्रोग्रॅम काउंटर, मेमरी डेटा रजिस्टर, एएलयूच्या उत्तराचं रजिस्टर Z, इन्स्ट्रक्शन रजिस्टरचा पत्त्याचा भाग आणि प्रोग्रॅमरला दिसणारी चार रजिस्टरं A, B, X, SP. म्हणजे `out` प्रकारचे 8 सिग्नल झाले. मजकूर उचलणाऱ्या जागा दहा आहेत: PC, IR, Z, A, B, X, SP आणि शिवाय MAR, MDR, Y. हे `in` प्रकारचे 10 सिग्नल. एएलयूची आठ कामं आहेत, प्रत्येकाची एक तार धरली तर 8. मेमरीसाठी वाचा आणि लिहा असे 2. एएलयूच्या एका बाजूला Y द्यायचा की ठरावीक भर द्यायची हे निवडणारी 1 तार आणि मेमरीचं काम होईपर्यंत थांबवणारी 1. बेरीज 8 + 10 + 8 + 2 + 1 + 1, म्हणजे 30 सिग्नल.

आता इन्स्ट्रक्शन मेमरीतून आणण्याचा, म्हणजे फेचचा मायक्रोप्रोग्राम पाहा. पुढची बहुतेक चर्चा या चार ओळींवरच होणार आहे, म्हणून त्या शांतपणे वाचा.

```
0: PCout, MARin, Read, Sel, Add, Zin
1: Zout, PCin, Yin, Wait
2: MDRout, IRin
3: (एकही सिग्नल नाही; ऑपकोडनुसार उडी)
```

पहिल्या ओळीत PC मधला पत्ता बसवर येतो. MAR तो उचलतो आणि मेमरीचं वाचन सुरू होतं. त्याच क्लॉकमध्ये तोच पत्ता एएलयूत जातो, त्यात ठरावीक भर पडते आणि उत्तर Z मध्ये साठतं. दुसऱ्या ओळीत वाढवलेला पत्ता परत PC मध्ये जातो. उडीच्या इन्स्ट्रक्शनला पुढे लागेल म्हणून त्याची एक प्रत Y मध्येही ठेवली जाते. तिसऱ्या ओळीत मेमरीतून आलेली इन्स्ट्रक्शन IR मध्ये बसते. चौथ्या ओळीत कुठलीच तार हलत नाही. IR क्लॉकच्या शेवटी भरतो, त्यामुळे त्यातला ऑपकोड पाहून उडी मारायला पुढचा क्लॉक लागतो. ही रिकामी ओळ लक्षात ठेवा, ती पुढे दोनदा कामाला येणार आहे.

आधी ओळी मोजा

बरेच जण सुरुवात रुंदीपासून करतात आणि मग अडतात, कारण रुंदीचा एक भाग ओळींच्या संख्येवर अवलंबून असतो. म्हणून आधी ओळी मोजाव्यात. आपल्या प्रोसेसरला 40 इन्स्ट्रक्शन आहेत आणि फेच सोडून प्रत्येकीला सरासरी 6 मायक्रोइन्स्ट्रक्शन लागतात असं धरू. 40 × 6 म्हणजे 240 आणि फेचच्या 4, एकूण 244 ओळी.

फेचच्या चार ओळी एकदाच मोजल्या, कारण त्या सगळ्या इन्स्ट्रक्शनना सामाईक आहेत. स्टोअरच्या सुरुवातीला त्या एकदा लिहिल्या जातात आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शन संपली की पुन्हा तिथे उडी मारली जाते. हे विसरून 40 × 10 केलं तर 400 ओळी येतात. 244 ओळींना पत्ता द्यायला 8 बिट पुरतात, 400 ओळींना 9 लागतात. मग स्टोअरही 256 शब्दांऐवजी 512 शब्दांचं होतं. परीक्षेत मात्र प्रश्नाची भाषा नीट वाचा. ‘प्रत्येक इन्स्ट्रक्शनला इतके क्लॉक लागतात’ एवढंच दिलं असेल आणि सामाईक फेचचा उल्लेख नसेल, तर तिथे सरळ गुणाकार अपेक्षित असतो. सामाईक फेच दिला असेल तर तो वेगळा काढायचा.

पत्ता आणि अट

एक ओळ संपली की पुढची कुठली, हेही ओळीतच लिहावं लागतं. आपल्या यंत्रात प्रत्येक मायक्रोइन्स्ट्रक्शनमध्ये उडीचा एक पत्ता आहे आणि ती उडी कधी घ्यायची हे सांगणारं अटीचं फील्ड आहे. पत्त्याला 8 बिट हे आत्ताच ठरलं. अटी सात आहेत: उडी नाही म्हणजे पुढची ओळ घ्या, नक्की उडी, ऑपकोडनुसार उडी, आणि शून्य, कॅरी, ऋण, ओव्हरफ्लो या चार फ्लॅगनुसार उडी. सात पर्यायांना 3 बिट लागतात.

हे 8 + 3 = 11 बिट अशा रचनेत कुठल्याही फॉरमॅटमध्ये लागणारच. हॉरिझॉन्टल असो वा व्हर्टिकल, काटकसर होते ती फक्त सिग्नलच्या भागात. अनेक उत्तरपत्रिकांत रुंदी म्हणून नुसते सिग्नलचे बिट लिहिलेले असतात, आणि मग स्टोअरचा आकार मुळातच कमी येतो. प्रश्नात ‘फक्त कंट्रोल फील्ड’ असं म्हटलं नसेल तर पत्त्याचा आणि अटीचा भाग धरायला हवा.

हॉरिझॉन्टल फॉरमॅटमध्ये प्रत्येक सिग्नलला स्वतःचा बिट असतो. बिट 1 असेल तर तार चालू, 0 असेल तर बंद. रुंदी 30 + 3 + 8 = 41 बिट. 244 ओळींसाठी रॉम दोनच्या घाताचा घ्यायचा असेल तर 256 × 41 = 10,496 बिट, म्हणजे 1,312 बाइट. चिपवर हव्या तेवढ्याच ओळींचा रॉम आखता येत असेल तर 244 × 41 = 10,004 बिट. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण कुठलं गृहीत धरलं हे मात्र एका वाक्यात लिहावं.

गट पाडताना

आता व्हर्टिकलकडे. 30 पैकी बरेच सिग्नल कधीच एकत्र चालू होत नाहीत. बसवर एका वेळी एकच रजिस्टर बोलू शकतं, त्यामुळे आठ `out` सिग्नलना आठ बिट देणं ही उधळपट्टी आहे. त्याऐवजी कोण बोलणार याचा क्रमांक लिहायचा आणि डिकोडरनं त्यातून हवी ती तार उचलायची. असे परस्परांना वगळणारे सिग्नल एका गटात घ्यायचे आणि प्रत्येक गटाला एक फील्ड द्यायचं. याला शुद्ध व्हर्टिकल न म्हणता फील्डनुसार सांकेतिक फॉरमॅट म्हणणं जास्त नेमकं आहे. पण आपल्या अभ्यासक्रमांत आणि गेटसारख्या परीक्षांत ‘व्हर्टिकल’ म्हणून बहुतेकदा हाच विचारला जातो.

गट पाडण्याची कसोटी एकच आहे. मायक्रोप्रोग्रामचा तक्ता काढा, ओळी खाली आणि सिग्नल आडवे. ज्या दोन सिग्नलच्या रकान्यांत एका तरी ओळीत दोन्हीकडे 1 आहे, ते एका गटात येऊ शकत नाहीत. नावं सारखी दिसतात म्हणून गट होत नाही. दहा `in` सिग्नल एकाच गटात घालावेत असं पहिल्यांदा वाटतं, पण फेचची पहिली ओळ पाहा, तिथे MARin आणि Zin एकाच वेळी चालू आहेत. दुसऱ्या ओळीत PCin आणि Yin एकत्र आहेत. म्हणून `in` चे दोन गट केले. एकात PC, IR, Z, A, B, X, SP असे सात, दुसऱ्यात MAR, MDR, Y असे तीन. आपल्या मायक्रोप्रोग्राममध्ये पहिल्या गटातले दोन कधीच एकत्र येत नाहीत आणि दुसऱ्यातलेही नाहीत, हे सगळ्या 244 ओळींवर तपासायचं असतं.

आता बिट. आठ `out` सिग्नलना 3 बिट पुरतील असं लगेच वाटतं, कारण 2³ = 8. पण ती चौथी, रिकामी ओळ आठवा. तिथे कुणीच बसवर बोलत नाही. म्हणजे ‘कुणी नाही’ हाही एक संकेत हवा, पर्याय नऊ झाले आणि 4 बिट लागले. पहिल्या `in` गटात सात आणि ‘कुणी नाही’ मिळून आठ, 3 बिट. दुसऱ्यात तीन आणि एक मिळून चार, 2 बिट. मेमरीच्या दोन सिग्नलना वाचा, लिहा आणि काही नाही असे तीन पर्याय, म्हणून 2 बिट, म्हणजे गट करून काहीच वाचलं नाही. इथे कुणी 1 बिट दिला तर प्रत्येक क्लॉकला मेमरी एक तर वाचली जाईल नाही तर लिहिली जाईल. IR भरण्याच्या ओळीतसुद्धा भलत्याच पत्त्यावर काहीतरी लिहिलं जाण्याची सोय आपणच करून ठेवली असं होईल.

एएलयूचं मात्र वेगळं आहे. तिथे ‘काही नाही’ हा संकेत लागत नाही. एएलयू नेहमी काही ना काही करतच असतो, पण Zin चालू नसेल तर त्याचं उत्तर आणि फ्लॅग कुठेच साठत नाहीत, ते वाया जातं आणि कुणाचं बिघडत नाही. म्हणून आठ कामांना 3 बिट पुरतात. ‘प्रत्येक गटात एक मिळवा’ असा नियम डोळे झाकून लावला असता तर इथे एक बिट फुकट गेला असता. विचारायचा प्रश्न असा की या फील्डमध्ये नको तो संकेत गेला तर यंत्राच्या स्थितीत काही बदलतं का? बदलत असेल तर ‘कुणी नाही’ हवा, नसेल तर नको.

उरले निवडीची आणि थांबण्याची तार, दोन्हींना एकेक बिट. बेरीज 4 + 3 + 2 + 3 + 2 + 1 + 1 = 16. तीस बिटांचे सोळा झाले. पत्ता आणि अट धरून रुंदी 16 + 3 + 8 = 27 आणि आकार 256 × 27 = 6,912 बिट, म्हणजे 864 बाइट. सिग्नलच्या भागात 30 पैकी 14 बिट वाचले, सुमारे 47 टक्के. पण अख्ख्या स्टोअरात बचत 10,496 वरून 6,912, म्हणजे सुमारे 34 टक्केच आहे, कारण ते 11 बिट जिथल्या तिथेच आहेत. टक्केवारी विचारली असेल तर कशाची टक्केवारी हे पाहून उत्तर द्या.

परीक्षेतल्या प्रश्नांत गट आणि त्यातले सिग्नल दिलेले असतात आणि बहुतेकदा ‘कुणी नाही’चा विचार न करता नुसतं ⌈log₂ n⌉ अपेक्षित असतं. तसं केलं तर आपल्या उदाहरणात 16 ऐवजी 14 येतात, `out` चा एक आणि मेमरीचा एक बिट कमी. प्रश्नात निष्क्रिय संकेताचा उल्लेख नसेल तर तसं उत्तर द्या, पण गृहीतक लिहा. प्रत्यक्ष यंत्र बनवताना 14 बिटांचं डिझाइन चालणार नाही.

तीस सिग्नल, पाच बिट?

अजून एक उत्तर सर्रास दिसतं. 30 सिग्नल आहेत, log₂ 30 ची वरची पूर्ण संख्या 5, म्हणून व्हर्टिकलमध्ये कंट्रोल फील्ड 5 बिटांचं. काही प्रश्नांत ‘एका वेळी एकच सिग्नल चालू’ असं स्पष्ट दिलेलं असतं, तिथे हे बरोबर आहे. पण आपल्या यंत्रात ते चालवून पाहा. फेचच्या पहिल्या ओळीत सहा सिग्नल आहेत, म्हणून तिच्या सहा ओळी होतील आणि यंत्र फक्त हळू चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते चालणारच नाही. एका क्लॉकला PCout चालू झाला, पत्ता बसवर आला, तेव्हा MARin बंद आहे. पुढच्या क्लॉकला MARin चालू झाला तेव्हा PCout बंद आहे, बसवर काहीच नाही. टाकणारा आणि उचलणारा एकाच क्लॉकमध्ये हवेत, ते वेगळे करता येत नाहीत.

म्हणून खऱ्या अर्थानं अरुंद असलेल्या व्हर्टिकल मायक्रोइन्स्ट्रक्शनमध्ये सिग्नलचा क्रमांक लिहीत नाहीत, पूर्ण कृतीचा संकेत लिहितात. ‘PC मधून MAR मध्ये न्या आणि वाचन सुरू करा’ अशी एक कृती, ‘Y आणि MDR ची बेरीज Z मध्ये’ अशी दुसरी. अशा मायक्रोइन्स्ट्रक्शन साध्या असेंब्ली इन्स्ट्रक्शनसारख्या दिसतात. रुंदी किती हे मग सिग्नल किती यावरून ठरत नाही, मायक्रोप्रोग्राममध्ये वेगवेगळ्या कृती किती यावरून ठरतं.

एक बिट जास्तच वाचवला तर

मला या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा भाग. समजा, दोन `in` गटांना मिळून 3 + 2 = 5 बिट लागतात हे कुणाला खटकलं. दहाही `in` एका गटात घातले तर दहा आणि ‘कुणी नाही’ मिळून अकरा पर्याय, 4 बिट. एक बिट वाचला, कंट्रोल फील्ड 15 वर आलं. आता जिथे जिथे दोन `in` एकत्र होते त्या ओळी फोडाव्या लागतील.

फेचपासून सुरुवात करू. पहिल्या ओळीच्या दोन होतात, एकीत PCout, MARin, Read आणि दुसरीत PCout, Sel, Add, Zin. दुसऱ्या ओळीत PCin आणि Yin होते, तिथे मात्र नवी ओळ लागत नाही. ऑपकोडनुसार उडी मारणारी ओळ रिकामी आहे, तिथे PCout, Yin घालता येतं, कारण तोवर PC वाढलेला असतो. म्हणजे फेच 4 वरून 5 ओळींवर गेलं. शिवाय स्टॅकवर ढकलणं, काढणं, सबरूटीनला जाणं, परत येणं, X रजिस्टर वाढवत पत्ता काढणं, अशा इन्स्ट्रक्शनमध्येही पत्ता MAR ला देताना त्याच क्लॉकला Z मध्ये नवी किंमत तयार होते. अशा बारा जागा आहेत असं धरू, त्यांच्या बारा ओळी वाढल्या. 244 + 1 + 12 = 257.

आता पत्त्याला 8 बिट पुरत नाहीत, 9 लागतात. रुंदी 15 + 3 + 9 = 27. वाचवलेला बिट पत्त्यानं परत घेतला. ओळी दोनच्या घातात घ्यायच्या तर 512 × 27 = 13,824 बिट, आधीच्या 6,912 च्या बरोबर दुप्पट आणि हॉरिझॉन्टलच्या 10,496 पेक्षाही जास्त. नेमक्या ओळींचा रॉम घेतला तरी 257 × 27 = 6,939, आणि आधीचे 244 × 27 = 6,588. दोन्ही हिशोबांनी स्टोअर वाढलंच. वर प्रत्येक फेचला एक क्लॉक जादा, म्हणजे प्रत्येक इन्स्ट्रक्शन एका क्लॉकनं हळू झाली.

हे आकडे सीमेवरचे आहेत, मान्य. ओळी 230 असत्या तर हा एक बिट कदाचित पचला असता. पण 256, 512, 1024 च्या जवळ असताना गट बदलण्याआधी ओळी पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या ओळी फोडाव्या लागतील त्या लाल शाईनं खुणावून मोजायला वेळ लागत नाही.

आकारात न दिसणाऱ्या गोष्टी

बिटांच्या हिशोबात न येणारे तीन परिणाम थोडक्यात सांगतो. पहिला डिकोडरचा. प्रत्येक सांकेतिक फील्डमागे डिकोडर येतो, त्याचे गेट चिपवर जागा घेतात आणि तारेपर्यंत सिग्नल पोचायला उशीर होतो. रॉम वाचायला जेवढा वेळ लागतो त्यात हा उशीर मिळवूनच क्लॉकचा वेग ठरतो. म्हणूनच वेगाच्या क्रमात हार्डवायर्ड आधी, मग हॉरिझॉन्टल, शेवटी व्हर्टिकल असं उत्तर अपेक्षित असतं.

दुसरा वाढीचा. आपल्या `out` फील्डमध्ये 4 बिट आहेत, नऊ संकेत वापरले, सात शिल्लक आहेत. बसवर बोलणारी नवी जागा आणली तर रुंदी वाढत नाही. पण दोन्ही `in` गट काठोकाठ भरलेले आहेत, तिथे एक नवं रजिस्टर आलं की शब्द 28 बिटांचा झालाच. भरलेलं फील्ड कुठलं आणि सैल कुठलं हे डिझाइनच्या कागदावर लिहून ठेवावं.

तिसरा परिणाम पुस्तकांत क्वचित सांगितला जातो, पण प्रयोगशाळेत तो अनुभवाला येतो. हॉरिझॉन्टल स्टोअरमध्ये एका ओळीत चुकून दोन `out` बिट 1 लिहिले गेले, तर दोन रजिस्टरं एकाच बसवर भांडतात. एक तार वर खेचतं, दुसरं खाली. बसवर अर्धवट व्होल्टेज दिसतं, आयसी गरम होतात आणि चूक कधी येते कधी नाही, असा त्रास सुरू होतो. सांकेतिक फील्डमधून एका वेळी एकच `out` निघू शकतो, त्यामुळे मायक्रोप्रोग्राम कितीही चुकला तरी ही विशिष्ट चूक होऊच शकत नाही. हॉरिझॉन्टल स्टोअर भरणार असाल तर प्रत्येक ओळीतले `out` बिट मोजून ते एकापेक्षा जास्त नाहीत ना, हे रॉम जाळण्याआधी तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवा.

खऱ्या यंत्रांत

आयबीएमनं 1964 साली सिस्टिम/360 ची मालिका जाहीर केली. मॉडेल 30 आणि मॉडेल 50 एकच इन्स्ट्रक्शन सेट चालवत. स्वस्त मॉडेल 30 चा अंतर्गत डेटा मार्ग फक्त 8 बिटांचा, मॉडेल 50 चा 32 बिटांचा. मॉडेल 30 चा कंट्रोल शब्द साधारण 50 बिटांचा आणि असे जवळपास चार हजार शब्द. मॉडेल 50 चा शब्द 85 ते 90 बिटांचा, पण शब्द पावणेतीन हजारांच्या आसपास. गुणाकार केला तर दोन्ही साधारण दोन ते अडीच लाख बिटांत बसतात. अरुंद शब्द आणि अरुंद डेटा मार्ग असला की तेच काम जास्त ओळींत करावं लागतं. आपल्या 257 व्या ओळीत जे घडलं त्याचंच हे मोठ्या यंत्रातलं रूप.

1978 चा इंटेल 8086 आणखी शिकवतो. त्याचं कंट्रोल स्टोअर 512 × 21 बिट, म्हणजे 10,752 बिट. आपल्या 27 बिटांच्या तुलनेत 21 फारच कमी वाटतात, आणि 8086 तर आपल्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी मोठा. 512 ओळींना 9 बिटांचा पत्ता लागतो, तो प्रत्येक शब्दात ठेवला असता तर बाकी सगळ्यासाठी बाराच बिट उरले असते. इंटेलच्या अभियंत्यांनी तो ठेवलाच नाही. साधारण चाल म्हणजे पुढची ओळ, जवळच्या उडीला लहानसा पत्ता आणि लांबच्या उडीचा पूर्ण पत्ता एका वेगळ्या छोट्या रॉममधून. शब्दात एका रजिस्टरातून दुसऱ्यात नेण्याचे पाच-पाच बिट कायमचे, आणि उरलेल्या बिटांचा अर्थ प्रकाराच्या फील्डवरून बदलतो, कधी एएलयूचं काम, कधी मेमरी, कधी उडी. एकाच बिटांना ओळीनुसार वेगळा अर्थ देण्याची ही युक्ती आपल्या यंत्रातही वापरता येईल. आपल्या 244 ओळींपैकी ज्यांत प्रत्यक्ष उडी आहे अशा थोड्याच असतील, बाकीच्यांत 8 बिटांचा पत्ता नुसता पडून आहे. सिग्नलच्या बहुतेक ओळींत उडी नसते. एका प्रकाराच्या बिटानं दोन्ही वेगळे केले तर उडी नसलेला शब्द 16 + 1 = 17 बिटांचा आणि उडीचा शब्द 3 + 8 + 1 = 12 बिटांचा. दोन्ही 17 बिटांत मावतात. मात्र ज्या ओळी आज सिग्नलही देतात आणि उडीही मारतात त्यांच्या दोन होतील. प्रत्येक इन्स्ट्रक्शनची शेवटची ओळ तशी असली तर 40 ओळी वाढून 284 होतील. पत्ता 9 बिटांचा, उडीचा शब्द 13 बिटांचा, तरीही 17 मध्ये मावतो. 284 × 17 = 4,828 बिट, आधीच्या 6,588 पेक्षा बरेच कमी. दोनच्या घातात घेतलं तर मात्र 512 × 17 = 8,704, म्हणजे 6,912 पेक्षा जास्त. रॉम कसा मिळणार आहे, यावर इथे सगळा निर्णय फिरतो.

उलटा प्रश्न

शेवटी परीक्षेत येणारा उलटा प्रकार. शब्दाची रुंदी 32 बिट, कंट्रोल फील्ड 18 बिट, अटीचा मल्टिप्लेक्सर 16 इनपुटचा, उरलेले बिट पत्त्याचे. स्टोअर किती शब्दांचं? 16 अटींना 4 बिट, म्हणून पत्त्याला 32 − 18 − 4 = 10 बिट आणि जास्तीत जास्त 2¹⁰ = 1,024 शब्द. आकार 1,024 × 32 = 32,768 बिट, म्हणजे 4,096 बाइट. अटींमध्ये ‘उडी नाही’ आणि ‘नक्की उडी’ हे दोन इनपुट धरले आहेत की नाहीत, ते पाहा. ‘16 स्टेटस फ्लॅग’ म्हटलं असेल आणि हे दोन वेगळे असतील तर अटी 18 होतात, अटीला 5 बिट लागतात, पत्त्याला 9 उरतात आणि स्टोअर एका झटक्यात निम्मं, 512 शब्दांचं होतं. ‘मल्टिप्लेक्सरला 16 इनपुट’ म्हटलं असेल तर 4 बिटच.